पहिल्या मीटिंगमधले पंचेचाळीस सेकंद

"मी मेडिसिनला जेआर-१ म्हणून जॉइन झालेय. सोमवारी डिपार्टमेंटची पहिली मीटिंग आहे, त्यात उभं राहून ओळख करून द्यायची. मेडल सांगितलं तर 'आली मोठी शहाणी' म्हणतील. नाही सांगितलं तर हिला काही येत नाही असं धरून चालतील. नेमकं बोलायचं काय?"

पीजीच्या ॲडमिशन झाल्या की जेआर-१ म्हणजे पहिल्या वर्षाच्या ज्युनियर रेसिडेंटांकडून हा प्रश्न माझ्याकडे हमखास येतो. खाली सांगतेय ती मुलगी एक नाही. तिघीचौघींच्या गोष्टी एकीच्या अंगावर घातल्यात आणि ओळखीच्या खुणा बदलल्यात.

ती येताना मजकूर लिहूनच घेऊन आली होती. "आदरणीय विभागप्रमुख सर, सर्व प्राध्यापकवर्ग आणि माझे सिनियर्स. मी डॉक्टर अमुक तमुक. या नामांकित विभागात संधी मिळाली हे माझं भाग्य. मी अजून शिकतेच आहे, काही चुकलं तर सांभाळून घ्या. एमबीबीएसला दोन विषयांत डिस्टिंक्शन, कॉलेजचं गोल्ड मेडल. त्यानंतर एका पीएचसीला बॉण्डचं वर्ष केलं."

"यातलं कुठलं वाक्य कुणासाठी आहे?" मी विचारलं.

"भाग्यवालं एचओडींसाठी, सांभाळून घ्या हे सिनियर्ससाठी. आणि मेडलचं... मला कुणी हलक्यात घेऊ नये म्हणून."

"आणि पीएचसीचं?"

"ते असंच. गॅप का पडली विचारायला नको ना कुणी."

थोडं आणखी बोलल्यावर मूळ वाक्य बाहेर आलं: "मॅडम, पहिलं इम्प्रेशन सगळ्यांवर चांगलंच पडायला हवं." आमच्या विवेकनिष्ठ समुपदेशनाच्या पद्धतीत माणसाच्या बोलण्यातला हा 'च' शोधायची सवय असते, आणि तो सापडला की निम्मं काम होतं असा माझा अनुभव आहे. एचओडी, चार-पाच प्राध्यापक, एसआर म्हणजे सिनियर रेसिडेंट, जेआर-३, जेआर-२ आणि शेजारी बसलेले सहा बॅचमेट, एवढ्या सगळ्यांना एकाच वेळी खूश ठेवायचं म्हटल्यावर वाक्यं अशीच होणार. एक वाक्य वाकून नमस्कार करतं, पुढचं छाती काढतं, आणि ऐकणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही.

मग तिला विचारलं, "सोमवारी तिथं बसलेल्या एसआरला तुझ्याबद्दल काय जाणून घ्यायचं असेल?"

"मी हुशार आहे का ते?"

"त्याच्या युनिटची इमर्जन्सी कधी असते?"

"बुधवारी."

"मग बुधवारी रात्री दोन वाजता तो कॅज्युअल्टीत अडकलेला असताना वॉर्डात तू एकटी असणार. त्याला काय कळायला हवं?"

ती थांबली. "माझ्यावर काय सोडता येईल ते. आणि काय सोडता येणार नाही."

खोलीतल्या बहुतेकांचं कुतूहल एवढंच असतं. मेडल त्याचं उत्तर देत नाही, नम्रता तर अजिबात देत नाही. उलट "मला काहीच येत नाही, शिकवा" असं म्हणणाऱ्या ज्युनियरची प्रत्येक ऑर्डर पुन्हा तपासावी लागते, म्हणजे सिनियरचं काम वाढतं. "येतं ना" म्हणणारी आणि रात्री हात थरथरणारी त्याहून महागात पडते. ड्यूटी सोडताना आपण पेशंटचा ओव्हर देतो, तसाच ओव्हर इथं स्वतःचा द्यायचा असतो.

पुढच्या भेटीला तिला तीन रकाने भरून आणायला सांगितले: एकटीनं केलेलं, कुणी शेजारी उभं असताना केलेलं, आणि फक्त पाहिलेलं. आकडे शक्य तिथं रजिस्टरवरून किंवा लॉगबुकातून, आठवणीतून नाही. आठवण इंटर्नशिपमधल्या दोन लंबर पंक्चरच्या सहज पाच करते.

तिनं आणलेला कागद असा होता. एकटीनं: सलाइन, कॅथेटर, रायल्स ट्यूब, एबीजीचं सॅम्पल, पोटातलं पाणी काढणं ६ वेळा. शेजारी कुणी असताना: लंबर पंक्चर २. फक्त पाहिलेलं: सेंट्रल लाइन. इंट्युबेशन, म्हणजे श्वासनलिकेत ट्यूब टाकणं, पुतळ्यावर केलेलं, माणसावर एकदाही नाही. पीएचसीच्या वर्षाबद्दल एक ओळ होती, "रुटीन ओपीडी".

"सातपुड्यात वर्षभर फक्त रुटीन ओपीडी?"

"हो. म्हणजे साप वगैरे यायचे. ९ जणांना विषावरचं एएसव्ही लावलं."

"एखादा सांग."

तिनं सांगितलेलं मी जवळजवळ जसंच्या तसं लिहून घेतलं. पायाला दंश झालेला शेतकरी संध्याकाळी आला. सूज थोडीच होती आणि रक्तस्राव कुठेच दिसत नव्हता. तिनं वीस मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी लावली. वीस मिनिटांनी नळी तिरकी केली तर रक्त पातळच. पण नळी साबणानं धुतलेली होती हे तिच्या लक्षात आलं. साबणाचा अंश राहिला तर चांगलं रक्तही गोठत नाही, म्हणून तिनं नव्या कोरड्या काचेच्या नळीत चाचणी पुन्हा लावली आणि शेजारी नर्सताईंचं रक्त दुसऱ्या तशाच नळीत ठेवलं. नर्सताईंचं गोठलं, त्याचं नाही. मग एएसव्हीच्या १० व्हायल चालू केल्या. काही मिनिटांतच अंगावर गांधी उठल्या आणि थंडी वाजायला लागली. तिनं ड्रिप थांबवली, मांडीत ॲड्रेनलिन ०.५ मिलिग्रॅम दिलं, तो शांत झाल्यावर ड्रिप हळू वेगानं पुन्हा सुरू केली. १०८ बोलावून जिल्हा रुग्णालयात पाठवताना चिठ्ठीवर दोन्ही चाचण्यांच्या वेळा लिहिल्या.

"आणि श्वासाचा त्रास असता तर?"

"तर माझ्याकडं ॲम्बू बॅग होती. मला ट्यूब टाकता येत नाही. मण्यारीच्या एका केसला मी बॅग दाबत ॲम्ब्युलन्समधून गेले होते."

हे सगळं बोलताना तिच्या तोंडी एकदाही 'तसं', 'थोडंफार' किंवा 'फक्त' आलं नाही. आवाज खाली आला होता आणि वेग कमी झाला होता. मी कागद तिच्यासमोर ठेवला. "यात बढाई कुठं आहे?" तिनं वाचलं. "कुठंच नाही." "आणि नम्रता?" ती बराच वेळ कागदाकडे बघत राहिली, मग शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं: मला ट्यूब टाकता येत नाही.

इतक्या वर्षांत मला पटलेली गोष्ट हीच आहे. नम्रतेसाठी वेगळं वाक्य लागत नाही. केलेल्या कामाची हद्द नेमकी सांगितली की ती त्यातच येते. मराठीनं तर त्याची सोय आधीच करून ठेवलीय. 'मी ९ केसेस मॅनेज केल्या' आणि 'मला ९ केसेस बघायला मिळाल्या' यात आकडा तोच राहतो, फक्त मान कामाकडे जातो. (तिची मीटिंग इंग्रजीत होणार होती, कारण ऑल इंडिया कोट्यातली मुलं बाहेरच्या राज्यांतली असतात. तिथंही 'आय गॉट टु सी' हे 'आय मॅनेज्ड'पेक्षा बरं वाजतं.)

शेवटी तयार झालं ते मराठीत असं: "गुड मॉर्निंग सर, मॅडम. मी अमुक तमुक, युनिट दोनला जेआर-१. याआधी वर्षभर नंदुरबार जिल्ह्यात सातपुड्यातल्या पीएचसीला मेडिकल ऑफिसर होते. तिथं सर्पदंशाच्या ९ केसेस बघायला मिळाल्या. पोटातलं पाणी काढणं एकटीनं केलंय, लंबर पंक्चर दोनदा, सिनियर शेजारी असताना. इंट्युबेशन आणि सेंट्रल लाइन अजून केलेली नाही, त्या वेळी मी बोलावीन. एमबीबीएस अमुक कॉलेजचं. पावरी भाषा कामापुरती बोलते." सावकाश म्हटलं तरी पंचेचाळीस सेकंदांच्या आत संपतं.

क्रमाला कारण आहे. एचओडी बहुतेक वेळा दुसऱ्या-तिसऱ्या वाक्यालाच तोडतात, म्हणून युनिट आणि आधीचं काम पुढं घेतलं. सगळी खोली डॉक्टरांची असल्यानं नावामागचं 'डॉक्टर' काढलं. मेडल गाळलं, ते बायोडेटात आहे आणि ज्याला हवं तो वाचेल. 'पुढं डीएम कार्डिओलॉजी करायचंय' हेही पहिल्या दिवशी नको, ऐकणाऱ्याला तुम्ही इथं फक्त थांबा घेतलाय असं वाटतं. 'आमच्या कॉलेजात असं करायचे' हे वाक्य तर पहिले तीन महिने घरीच ठेवावं.

प्रत्येक दावा म्हणजे प्रश्नाला आमंत्रण, हे मात्र विसरू नये. म्हणून जे सांगायचं त्यावर तीन प्रश्न पेलतात का ते आधी बघावं: किती केलं, काय बिघडलं, आता वेगळं काय कराल. तिच्या सर्पदंशावर तिन्ही पेलले. लंबर पंक्चरवर दुसऱ्याच प्रश्नाला ती अडखळली, म्हणून 'सिनियर शेजारी असताना' हे शब्द वाक्यात राहिले. ज्यांचं पीएचसीचं वर्ष झालेलं नाही, इंटर्नशिपनंतर थेट पीजीला आलेत, त्यांनी इंटर्नशिपमधलंच एक काम घ्यावं, आकडा लहान असला तरी.

तिनं एक प्रश्न दबक्या आवाजात विचारला. "नीटची रँक विचारली तर?" स्वतःहून सांगू नये. विचारली तर आकडा सांगून पुढच्या वाक्याला जावं. त्याचं समर्थनही नको आणि माफीही नको. चारचौघांत रँक विचारणं हा कधीकधी जात विचारण्याचा आडमार्ग असतो, हे तिलाही माहीत होतं. आणि हॉस्टेलवर मध्यरात्री रांगेत उभं करून घेतात त्या 'इंट्रो'ला यातलं काहीही लागू नाही. ते रॅगिंग आहे, त्याची तक्रार अँटी-रॅगिंग कमिटीकडे किंवा १८००-१८०-५५२२ वर करायची.

सोमवारी झालं ते असं. 'सर्पदंशाच्या ९ केसेस' इथंच एचओडींनी तोडलं आणि विचारलं, "वीस मिनिटांची चाचणी चुकते कधी?" तिनं साबणाची नळी सांगितली. त्यांनी मान हलवून पुढच्या मुलाला उठायला सांगितलं. इंट्युबेशनचं वाक्य राहूनच गेलं. ते तिनं मीटिंग सुटल्यावर कॉरिडॉरमध्ये एसआरला गाठून सांगितलं. तो म्हणाला, "बुधवारी ट्यूब पडेल तेव्हा माझ्या डाव्या हाताला उभी राहा."

जेआर-३ पैकी एकजण नंतर आठवडाभर तिला 'सातपुड्याच्या सिव्हिल सर्जन' म्हणत होता. ते सांगायला ती आली तेव्हा मी विचारलं, तू काय केलंस? "काही नाही. त्याच्या सेंट्रल लाइनला ट्रे लावायला गेले. दुसऱ्या वेळी त्यानंच बोलावलं. अजून सिव्हिल सर्जनच म्हणतो."