जोर गळ्यातून काढू नका, ओळ वाटून घ्या

प्रश्न : घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीत १९ फेब्रुवारीला सिंहगडाचा पोवाडा सादर करायचाय. एक शाहीर, तीन साथीला, डफ, तुणतुणं, ढोलकी. तालमीत तिसऱ्या चौकातच, म्हणजे तिसऱ्या कडव्यातच, शाहिराचा घसा बसतो, आणि मागे बसलेले म्हणतात की शब्द कळत नाहीत. आवाजात जोर कसा आणायचा?

मी ठाण्यातच राहतो आणि बरीच वर्षं एका कलापथकात झील धरतोय, म्हणजे शाहिराच्या ओळीला मागून साथ देतोय. शाहिराच्या मागे उभं राहून जे कळतं तेवढंच सांगतो.

घसा बसणं आणि शब्द न कळणं, या तुमच्या दोन्ही तक्रारींचं मूळ बहुतेक एकच असणार. तुमचे झीलकरी शाहिराबरोबर पूर्ण ओळ गात असतील. सुरुवातीला जवळजवळ सगळेच तसं करतात, कारण चौघं मिळून गायलं की आवाज मोठा वाटतो. पण चार जणांचं एकच अक्षर कधीच एका क्षणी पडत नाही, म्हणून व्यंजनं पुसली जातात आणि मागच्या खुर्चीपर्यंत नुसता सूर पोचतो. शाहिरालाही श्वास घ्यायला जागा उरत नाही. तो तिघांच्या वर ऐकू यायला ओरडतो आणि तिसऱ्या चौकात संपतो.

झील ही शाहिराच्या श्वासाची जागा आहे. ओळीचा शेवट झीलकऱ्यांनी उचलायचा, त्यावर ‘जी जी जी’ चढवायचं, आणि तेवढ्या वेळात शाहिरानं छाती भरून घ्यायची. ऐकणाऱ्याला मात्र आवाज अखंड चढत गेल्यासारखा वाटतो. पोवाड्याचा जोर म्हणतात तो हाच.

एक चौक घेऊन दाखवतो. तुमच्याकडची संहिता कोणती ते माहीत नाही, म्हणून सरावापुरत्या तीन ओळी मीच जुळवल्या आहेत :

माघ वद्य नवमीची रात । काळोखात ।
दोर उतरला कड्याखाली ॥
मावळा चढे पाठोपाठ । धरून वाट ।
दगडानं बोटं रक्ताळली ॥
वर पहारा, खाली दरी । श्वास छातीवरी ।
तानाजीनं पहिली उडी टाकली ॥

‘माघ वद्य नवमीची रात’ हे जवळजवळ बोलल्यासारखं म्हणायचं, मधल्या सुरात, ताण न देता. श्रोत्याला इथे फक्त तिथी आणि वेळ कळायला हवी. ‘काळोखात’ त्याहून खाली आणि तुटक. या दोन तुकड्यांत डफाची थाप अगदी हलकी, कडेवरची. मग ‘दोर उतरला’ इथून सूर वर जातो, आणि ‘कड्या–’ वर शाहीर टिपेला पोचला की त्यानं शब्द सोडून द्यायचा. ‘–खाली’ हे झीलकऱ्यांचं. ते ‘खाली, जी जी जी’ घेतात, डफाची मोठी भरीव थाप तिथेच पडते, ढोलकी तिथेच उघडते. झील संपल्यावर एक आवर्तन नुसतं वाद्यांचं जाऊ द्या. घाई झालेल्या मंडळींना ते रिकामं वाटतं आणि ते पुढची ओळ लगेच पकडतात. त्या आवर्तनात शाहिराला दुसरा श्वास मिळतो आणि श्रोता कड्याखालचा दोर डोळ्यांसमोर आणतो, तेव्हा ते गाळू नका.

तिन्ही ओळी ‘ली’वर संपतात हे लक्षात आलं असेल. वरच्या सुरात ‘ई’ लांबवताना गळा आवळला जातो, ‘आ’ला तेवढा नाही. एकट्या शाहिरानं प्रत्येक ओळीला ‘लीऽऽ’ ताणली की पाच मिनिटांत आवाज फाटतो. तिघांनी उचलली की कुणावरच भार येत नाही. तुमच्या संहितेत ओळींचे शेवट पाहा. ‘ई’ आणि ‘ऊ’ जिथे जिथे आहेत तिथे शाहिरानं अक्षर आधीच सोडायचं, असं पेन्सिलीनं खूण करून ठरवून टाका.

आता पट्टी. तुणतुण्याची तार शाहिराच्या गळ्यावर लावायची असते, पण बऱ्याच ठिकाणी पेटीवाला म्हणेल त्या पट्टीवर ती लागते. नामवंत शाहीर उंच पट्टीत गातात म्हणून नवे लोकही काळी चार नाहीतर पाच धरतात. पोवाडा बराचसा पंचमाच्या आसपास आणि वर तार षड्जापर्यंत खेळतो, त्यामुळे षड्ज आधीच उंच असेल तर वर जागाच उरत नाही. शाहिराला मैदानाच्या एका टोकाला उभं करा आणि दुसऱ्या टोकाच्या माणसाला नावानं हाक मारायला सांगा. न ताणता, पण पोचेल अशी. त्या हाकेचा सूर पेटीवर शोधा आणि तो साधारण पंचमावर येईल असा षड्ज ठेवा. पुरुषाच्या आवाजाला तो पुष्कळदा काळी एक किंवा दोनच्या आसपास निघतो. ऐकणाऱ्याला पट्टी खाली आल्याचं कळत नाही. शब्द स्वच्छ आले एवढंच कळतं.

वाद्यांबद्दल फार सांगत नाही, फक्त डफाकडे लक्ष द्या. चामड्याचा असेल तर संध्याकाळच्या दवात तो सैल पडतो. ‘ठण्ण’ असा सुटा आवाज जाऊन ‘भद्’ असा येऊ लागला की ओळखा. कार्यक्रमाआधी विस्तवावर, हातभर लांबून, फिरवत शेकायचा आणि मधूनमधून बोटानं वाजवून पाहायचं. एका जागी धरला तर कातडं जळतं. सोसायटीत शेगडी पेटवायला परवानगी नसेल तर हॅलोजनच्या दिव्यासमोर धरूनही काम भागतं, वेळ जास्त लागतो इतकंच. प्लास्टिकच्या पानाचा डफ सैल पडत नाही, पण तो फार वेळ घुमत राहतो आणि पुढचं अक्षर झाकतो. तसा असेल तर डाव्या हाताची बोटं आतून पानाला टेकवून घुमारा दाबायचा.

चौकांच्या मधलं गद्य काही मंडळी वेळ वाचवायला कापतात. तुम्ही कापू नका. सिंहगडाच्या गोष्टीत रायबाच्या लग्नाची तयारी, राजांचा निरोप, कोंढाण्याकडे निघणं, कडा, उदयभानाशी लढाई, तानाजी पडल्यावर सूर्याजीनं दोर कापणं, असे टप्पे आहेत. ते सगळे गायले तर ऐकणाऱ्याचा कानही थकतो आणि गाणाऱ्याचा गळाही. निरोपाचा आणि सूर्याजीचा प्रसंग बोलून सांगा, मागे फक्त तुणतुणं चालू ठेवा, डफ-ढोलकी बंद. मावळे पळू लागलेत, खाली उतरायचा दोर कापलाय, आणि सूर्याजी त्यांना मागे फिरवतोय, हे साध्या बोलण्यात आलं की त्यानंतर पडणारी पहिली थाप अंगावर येते. सलग पंधरा मिनिटं डफ घुमत असेल तर त्या थापेला काही किंमत राहत नाही.

कटाव, म्हणजे लढाईच्या वर्णनात न थांबता झपाट्यानं म्हणायचा यमकांचा तुकडा, एकदाच ठेवा. तो तानाजी-उदयभानाच्या झुंजीला शोभतो. तालमीत आधी सुराशिवाय, फक्त डफाच्या ठेक्यावर म्हणून पाहा. अक्षरं जिथे अडखळतात तिथे एक शब्द बदला किंवा काढा. श्वास पुरत नसेल तर शाहीर आणि एक झीलकरी यांनी ओळ आड ओळ म्हणायची. उलट त्यानं झुंज दोघांची वाटते.

संहितेची काटछाट करताना दोन गोष्टी पाहा. तुम्ही तुळशीदास शाहिराचा जुना पोवाडा घेतला असेल, तर शेवटच्या चौकातलं शाहिराचं नाव ठेवा. रचणाऱ्याची ती सही असते आणि वेळेअभावी सगळ्यात आधी तीच कापली जाते, याचं मला फार वाईट वाटतं. दुसरं घोरपडीचं. पोवाड्यात कड्यावर घोरपड लावल्याचं येतं, ते जरूर गा, रंगतं. पण मधल्या गद्यात तो इतिहास म्हणून सांगू नका. कृष्णाजी अनंत सभासदाच्या बखरीत मावळे वानरांसारखे कड्यावर चढून गेले असं वर्णन आहे, घोरपड नाही. सोसायटीतली शाळकरी मुलं निवेदन खरं धरतात, आणि बोटांच्या जोरावर कडा चढलेल्या माणसांचं कौतुक घोरपडीशिवायही कमी होत नाही.

ध्वनिव्यवस्थेवाल्याला आधीच गाठा. तो सवयीनं आवाजाला इको लावतो. भावगीताला ते चालून जातं, पण पोवाड्यात ‘कड्या’वर ‘कड्या’चाच पडसाद बसतो आणि पुढचा शब्द बुडतो. इको पूर्ण बंद करायला सांगा. डफ आणि ढोलकीला माइक नकोच. उंच इमारतींच्या मधल्या पटांगणात भिंती आवाज परत फेकतात, डफ तसाही वर ऐकू येतो. तुणतुण्याला एक माइक जवळ, झीलकऱ्यांना तिघांत एक, शाहिराला स्वतंत्र. शाहिरानं टिपेला जाताना माइकपासून वीतभर मागे सरायची सवय आताच लावावी, त्या रात्री आठवणार नाही.

रंगीत तालमीला सर्वात मागच्या खुर्चीवर मोबाइल ठेवून रेकॉर्ड करा. मग ज्यानं संहिता वाचलेली नाही अशा कुणाला तरी ते ऐकवा आणि प्रत्येक चौकानंतर थांबवून विचारा, आत्ता काय घडलं? ‘दोर सोडला’ असं उत्तर आलं तर तो चौक झाला. ‘काहीतरी कड्याचं होतं’ असं आलं, तर त्या ओळीत डफ कुठे जोरात पडतोय ते शोधा. शाहिराच्या शब्दांवर मोठी थाप पडत असेल तर ती झिलीवर सरकवा आणि तोच चौक पुन्हा रेकॉर्ड करा. अजूनही कळला नाही तर झीलकरी अक्षर लवकर उचलतायत का ते ऐका. शाहिराचा शब्द अर्थ लागण्याइतका पूर्ण झाल्यावरच झील पडायला हवी, आणि ही वेळ डोळ्यांनी साधते. झीलकऱ्यांनी कागदात न बघता शाहिराच्या पाठीकडे आणि खांद्यांकडे बघत उभं राहायचं. श्वास संपत आला की खांदे आधी सांगतात.