गिटार बोलते ती तोंडाने, पेडलने नाही

प्रश्न: टॉकबॉक्स, व्होकोडर आणि ऑक्टेव्ह पेडल यांत नक्की फरक काय? जुन्या रॉक गाण्यांत गिटार माणसासारखी बोलते ती कशामुळे, आणि मी यातलं कुठलं घेऊ?

"सगळं एकच रे, आवाजाचा रोबोट करायची मशीनं" हे वाक्य आमच्या बँडच्या कीबोर्डवाल्याकडून मी इतकी वर्षं ऐकतोय की हा प्रश्न दिसल्यावर गप्प बसवलं नाही. एकच अजिबात नाहीये. पीटर फ्रॅम्प्टनच्या १९७६ च्या लाइव्ह अल्बममध्ये गिटार चक्क शब्द बोलते, तिथे व्होकोडर नाही, टॉकबॉक्स आहे. 'लिव्हिन ऑन अ प्रेअर' मध्ये सुरुवातीला जे वाव-वाव चालतं तोही टॉकबॉक्सच, फक्त रिची सँबोरा तिथे शब्द न बोलता नुसते स्वर फिरवतो.

टॉकबॉक्समध्ये डोकं लढवण्यासारखं सर्किट जवळजवळ नसतंच. अँपचा आवाज बाहेरच्या स्पीकरला न जाता एका हॉर्न ड्रायव्हरला, म्हणजे भोंग्यामागच्या युनिटला जातो, ड्रायव्हरच्या तोंडाला प्लास्टिकची नळी, नळीचं दुसरं टोक वादकाच्या तोंडात, आणि समोर गाण्याचा माइक. तुम्ही गळ्यातून आवाज काढायचाच नाही, फक्त बोलल्यासारखं तोंड हलवायचं. गळ्याचं काम गिटार करते, जीभ आणि ओठ तुमचेच. नॅशव्हिलचा पेडल स्टीलवाला पीट ड्रेक हे १९६४ मध्येच करत होता, आणि १९७० मध्ये जॉर्ज हॅरिसनच्या रेकॉर्डिंगला फ्रॅम्प्टनने त्याच्याकडेच हे पाहिलं. स्टेजवर सगळ्या बँडच्या आवाजात ऐकू येईल असा दणकट टॉकबॉक्स बॉब हाइलने १९७३ मध्ये जो वॉल्शच्या टूरसाठी बनवला.

आम्ही पुण्यात कॉलेजच्या गॅदरिंगसाठी हे घरीच बनवलं होतं. लाऊडस्पीकरच्या भोंग्यामागे जे युनिट असतं ते जुन्या बाजारातून आणलं, गवंडी लोक लेव्हलला वापरतात ती पारदर्शक नळी हार्डवेअरवाल्याकडून घेतली, जोडाला टेफ्लॉन टेप गुंडाळून वरून एम-सील लावलं. अख्खं युनिट जुन्या रजयांनी भरलेल्या लाकडी खोक्यात ठेवलं, कारण ते उघडं राहिलं तर गिटारचा मूळ आवाज माइकमध्ये शिरतो आणि त्यात तोंडाचा आवाज बुडतो. नळी माइक स्टँडला टेपने चिकटवली, टोक माइकच्या दोनेक इंच पुढे, आणि दाढांच्या कडेला ठेवायची म्हणजे जीभ मोकळी राहते.

पहिल्या दिवशी क्लीन टोनवर "आई" म्हणून पाहिलं तर "आ" बरा आला, "ई" चा पत्ताच नाही. "आ" ला तोंडातला आवाज साधारण ७०० आणि ११०० हर्ट्झच्या आसपास फुगतो, "ई" ला एक फुगवटा ३०० च्या आसपास उतरतो आणि दुसरा पार २३०० च्या आसपास चढतो. क्लीन गिटारमध्ये तिथे वर काही नसेल तर तोंडाने फुगवायचं काय? डिस्टॉर्शन वाढवलं, अँपचं ट्रेबल वाढवलं, आणि "आ" वरून "ई" वर सरकताना तो आवाज असा काही वर उघडला की आमचा ड्रमर वाजवायचा थांबला. वाह पेडल याच्या जवळ का येतं आणि तरी शब्द का बोलू शकत नाही तेही इथेच आहे, वाहमध्ये फुगवटा एकच सरकतो, माणसाच्या तोंडात निदान दोन, आणि दोन्ही वेगवेगळे.

आता ऑक्टेव्ह, कारण लोक त्याला उगाच या पंगतीत बसवतात. जिमी हेंड्रिक्सच्या 'पर्पल हेझ' च्या सोलोतला, रॉजर मेयरने बनवलेला ऑक्टेव्हिया पेडल सिग्नलचा खालचा अर्धा भाग उलटून वर आणतो, त्यामुळे एक सप्तक वरचा सूर मिळतो, किंकाळीसारखा. पण तो स्वर बदलत नाही, "आ" चा "ई" करत नाही. उलट बोलणं पाहिजे असेल तर वरचा ऑक्टेव्ह मारक आहे. पहिल्या तारेवर बाराव्या फ्रेटला सूर ६५९ हर्ट्झचा, "ई" चा खालचा फुगवटा ३०० ला, म्हणजे तिथे फुगवायला काही उरतच नाही, सगळे स्वर सारखेच ऐकू येतात. डी आणि जीच्या तारेवर खालच्या फ्रेट्सना वाजवा, सूर १५० ते ३०० च्या आसपास राहतात आणि शब्द कळतो. वरचीच लाइन वाजवायची असेल तर टॉकबॉक्सच्या आधी खालचा ऑक्टेव्ह लावा, तेवढा उपयोग आहे.

गॅदरिंगला काय झालं ते सांगतो. माझा सोलो आला, नळी तोंडात, अँप ड्रायव्हरवर, आणि साउंडवाल्याने नेमका तोच माइक बंद केला, का तर "त्यावर कोणी गात नव्हतं". टॉकबॉक्सचा आवाज हॉलमध्ये त्या माइकमधूनच जातो. लोकांना फक्त ड्रम आणि बास. मी आधी दोनदा सांगून ठेवलं होतं. कीबोर्डवाला तेव्हापासून म्हणतो, व्होकोडर असता तर असं झालं नसतं. अरे, व्होकोडरलाही माइक लागतोच की! तो बंद केला तर तोही मुकाच. फरक आहे तो वेगळा.

व्होकोडरमध्ये तुम्ही खरोखर बोलता. मशीन तुमचा आवाज दहा-वीस पट्ट्यांत तोडून प्रत्येक पट्टीत किती जोर आहे ते मोजतं आणि तेवढाच जोर गिटारच्या त्याच पट्टीला देतं. हे बेल लॅब्जच्या होमर डडलीने १९३० च्या दशकात टेलिफोनसाठी काढलं, संगीतात खूप नंतर आलं. पट्ट्या ठरलेल्या असल्यामुळे "आ" वरून "ई" वर जाताना आवाज पायऱ्यांवरून गेल्यासारखा जातो, आणि म्हणून तो रोबोट वाटतो. टॉकबॉक्समध्ये कोणी काही मोजत नाही, तोंडच फिल्टर आहे, स्ट्रिंग बेंड करताना जबडा उघडला तर दोन्ही एकत्र सरकतात. माझ्या मते रॉक गिटारला हेच पाहिजे. हां, स आणि श व्होकोडरमध्ये जास्त स्वच्छ येतात हे मान्य, कारण बऱ्याच व्होकोडरमध्ये तुमच्या श्वासाचा खरा फुत्कार मिसळता येतो. टॉकबॉक्सवर नळीच्या बाजूने थोडी हवा सोडून ते भागवावं लागतं. पण म्हणून "सगळं एकच"? नाही.

घेताना आतच अँप असलेला टॉकबॉक्स घ्या, स्वस्त पडत नाही पण भानगड कमी. वेगळ्या अँपला ड्रायव्हर जोडणार असाल तर ओहम जुळवा, आणि व्हॉल्व्ह अँप असेल तर ड्रायव्हर किंवा स्पीकर सुटलेला असताना तो कधीच वाजवू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो. खालच्या फ्रिक्वेन्सी कापणारा फिल्टर ड्रायव्हरच्या आधी हवाच, नाहीतर जोरात खर्ज वाजवला की डायफ्राम फाटतो. आवाज कमी ठेवून सुरू करा, दात आणि कवटी सणसणतात आणि कानाला त्रास होऊ शकतो, हे मी खरंतर आधी सांगायला पाहिजे होतं. नळी प्रत्येक वेळी धुवा आणि दुसऱ्या कोणाला तोंडात घालायला देऊ नका. फ्लॅटमध्ये एकटेच वाजवत असाल आणि पीए नसेल तर मात्र व्होकोडर पेडल घ्या, माइक त्यालाही लागतो पण हेडफोनवर चालतं. पण ते घेऊन कोणी फ्रॅम्प्टनसारखा आवाज काढून दाखवतो म्हणाला, तर त्याला "आई" म्हणायला लावा आणि "आ" पासून "ई" पर्यंतचा रस्ता नीट ऐका.