विहीर, टाकी आणि भोंगा: वाक्यावरून सत्यता सारणी कशी मांडायची?

प्रश्न: डिजिटलच्या टेस्टमध्ये हे आलं होतं: "विहिरीत पाणी नसेल किंवा टाकी भरलेली असेल आणि मोटर चालू असेल तर भोंगा वाजावा. दुरुस्तीची किल्ली फिरवलेली असेल तर भोंगा वाजू नये." मी वाक्य वाचत सरळ `A = W' + T·M·K'` लिहिलं. सरांनी पूर्ण मार्क कापले. नेमकं कुठे चुकलं, आणि सत्यता सारणीची सुरुवात कुठून करायची?

उत्तर: मी परभणी जिल्ह्यातला. आधी बरीच वर्षं पंपाचे स्टार्टर दुरुस्त केले, आता डिप्लोमाच्या मुलांना हाच विषय शिकवतो. तुमच्या प्रश्नातला भोंगा मी खरोखर लावलेला आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुम्ही वाक्यातल्या शब्दांच्या क्रमाने चिन्हं टाकत गेलात. सूत्रात गुणाकार आधी होतो आणि बेरीज नंतर, म्हणजे 'आणि' आधी जोडला जातो आणि 'किंवा' नंतर. मराठी वाक्याला हा नियम कोणी शिकवलेला नाही. "पाणी नसेल किंवा टाकी भरली असेल आणि मोटर चालू असेल" यातली मोटरची अट फक्त टाकीला लागू आहे की दोन्हींना, हे वाक्य सांगतच नाही. बोलणारा आवाजाने सांगतो, कागदावर ते हरवतं. म्हणून सूत्र शेवटी लिहायचं, आधी सारणी.

सारणीच्याही आधी एक काम आहे. प्रत्येक अक्षर कधी 1 असतं ते पूर्ण वाक्यात लिहा. 'W म्हणजे विहीर' एवढं पुरत नाही. मी असं लिहीन: मोटर फिरत असेल तर M = 1. विहिरीतल्या इलेक्ट्रोडपर्यंत पाणी असेल तर W = 1. टाकी काठोकाठ असेल तर T = 1. दुरुस्तीची किल्ली फिरवलेली असेल तर K = 1. आणि भोंगा वाजत असेल तर A = 1. तुम्ही `W'` लिहिलंय, म्हणजे मनात हेच धरलं होतं; पण ते कागदावर नसेल तर तपासणाऱ्याला W = 1 म्हणजे 'पाणी संपलं' असंही वाटू शकतं.

चार इनपुट म्हणजे १६ ओळी. घाबरू नका, निम्म्या फुकटात सुटतात. K = 1 असलेल्या आठही ओळींत A = 0, कारण किल्लीचं वाक्य वेगळं आहे आणि ते सगळ्यांवर चालतं. तुमची इथली चूक सरांना लगेच दिसली असणार: तुम्ही `K'` फक्त टाकीच्या तुकड्याला चिकटवला. तुमच्या सूत्राप्रमाणे वायरमन किल्ली फिरवून विहिरीवर काम करतोय, विहीर कोरडी आहे, आणि त्याच्या कानाशी भोंगा बोंबलतोय.

उरलेल्या आठ ओळी K = 0 च्या. या भरताना सूत्राकडे बघायचंच नाही. प्रत्येक ओळ म्हणजे शेतावरचा एक प्रसंग समजायचा आणि स्वतःला विचारायचं, आत्ता भोंगा वाजला तर मी खाटेवरून उठून काय करीन? काहीच करण्यासारखं नसेल तर तिथे 0.

```
M W T | A
0 0 0 | 0
0 0 1 | 0
0 1 0 | 0
0 1 1 | 0
1 0 0 | 1
1 0 1 | 1
1 1 0 | 0
1 1 1 | 1
```

पहिल्या दोन ओळी बघा: मोटर बंद, विहीर कोरडी. तुमचं सूत्र इथे 1 देतं. आता आपल्याकडचा मे महिना डोळ्यांसमोर आणा. विहिरीने तळ गाठलेला, मोटर पावसाळ्यापर्यंत हात न लावता पडलेली, आणि भोंगा मात्र रात्रंदिवस चालू! दोन दिवसांत कोणीतरी त्याची तार उपसून टाकेल, आणि मग जून-जुलैत खरी गरज पडेल तेव्हा तो मुका. धोका कोरड्या विहिरीचा नाहीच. कोरड्यात फिरणाऱ्या मोटरचा आहे. पाणबुडी मोटर भोवतीच्या पाण्यानेच थंड राहते. पाणी गेलं की ती तापते आणि वाइंडिंग जळतं. तेव्हा मोटरची अट दोन्ही तुकड्यांना लागू आहे. हे व्याकरणातून ठरलं नाही, पहिल्या दोन ओळींनी ठरवलं. परीक्षेत असं दुहेरी वाक्य आलं तर "मोटरची अट दोन्हींना धरली आहे" अशी एक ओळ उत्तराच्या वर लिहून टाका. बहुतेक परीक्षक ते मान्य करतात.

सहावी ओळही रेंगाळण्यासारखी आहे: मोटर चालू, विहीर कोरडी, शिवाय टाकी भरलेली. 'चहा किंवा कॉफी' म्हटलं की आपण दोन्ही मागत नाही, म्हणून काही मुलं 'किंवा'चा अर्थ 'दोन्हींपैकी एकच' असा घेऊन इथे 0 टाकतात. दोन संकटं एकदम आली म्हणून भोंग्याने गप्प बसायचं, हे कोणत्या शेतकऱ्याला पटेल? इथे 1 च.

आता सूत्र. ज्या ओळींत A = 1 आहे तेवढ्याच उचलायच्या. अशा तीन आहेत, आणि तिन्हींत K = 0 आहे हे विसरायचं नाही:

```
A = M·W'·T'·K' + M·W'·T·K' + M·W·T·K'
```

मधलं पद दोनदा वापरता येतं, कारण एखादी गोष्ट स्वतःशीच 'किंवा'ने जोडली तर काही बदलत नाही. पहिलं आणि मधलं जोडलं की T गळून पडतो आणि `M·W'·K'` उरतं. मधलं आणि शेवटचं जोडलं की W गळतो आणि `M·T·K'` उरतं. दोन्हींतून सामाईक काढा:

```
A = M·K'·(W' + T)
```

कार्नो मॅपवरही हेच दोन जोड दिसतील, मधला चौकोन दोघांत सामाईक. तुमच्या सूत्राशी ताडून बघा: १६ ओळींत तुमचा भोंगा ९ ओळींत वाजतो, हा ३ ओळींत. ज्या ३ ओळींत वाजायला हवा त्या तुमच्या ९ मध्ये आहेत, पण उरलेल्या ६ खोट्या हाका आहेत. आकडे असे मोजायची सवय लावून घ्या. सूत्र सोपं करताना चूक झाली तर 1 असलेल्या ओळींची संख्या बहुतेक वेळा बदलते, आणि चूक तिथेच पकडता येते.

परीक्षेपुरतं उत्तर इथे संपलं. पण आमच्या शेतावर मी भोंगा लावला तेव्हा हेच सूत्र वापरलं आणि पहिल्याच रब्बीत फसलो. रात्रपाळीची लाईट होती. टाकी भरून वाहत होती, खालच्या ज्वारीत चिखल झाला, भोंगा गप्प. सकाळी बघतो तर फ्लोटची तार उंदराने कुरतडलेली. तार तुटली म्हणून T = 0, म्हणजे सर्किटच्या समजुतीने टाकी रिकामी. सारणी बरोबर होती, पण 1 चा अर्थ मी उलटा निवडला होता. विहिरीच्या इलेक्ट्रोडला हा दोष नाही. त्याची तार तुटली की W = 0 होतो, 'पाणी नाही' असं समजलं जातं आणि मोटर चालू असली की भोंगा वाजतो. खोटा वाजेल, पण मुका राहणार नाही.

उपाय सोपा निघाला. बाजारातल्या साध्या फ्लोटला तीन तारा असतात: एक सामाईक, एक पाणी वर आल्यावर जुळणारी, एक पाणी वर आल्यावर सुटणारी. मी सुटणारी घेतली. आता नवं अक्षर F, आणि 'टाकीत अजून जागा असेल तर F = 1'. तार तुटली तरी 0, टाकी भरली तरी 0, आणि दोन्ही वेळा भोंगा. सूत्रात T च्या जागी `F'` येतो:

```
A = M·K'·(W' + F') = M·K'·(W·F)'
```

दुसरी पायरी डी मॉर्गनच्या नियमाची. (हा गणिती १८०६ साली मदुराईत जन्मला, वर्गात सांगितलं की मुलं मान वर करतात.) कंसाच्या जागी एकच नँड गेट बसलं, आणि त्याचा अर्थही सरळ निघतो: 'विहिरीत पाणी आहे आणि टाकीत जागा आहे' हे खरं नसेल तर ओरड.

प्रॅक्टिकलला 7400 वर हे जोडणार असाल तर एक खोड लक्षात ठेवा. या टीटीएल चिपची मोकळी सोडलेली पिन 0 मानली जात नाही, ती 1 वाचली जाते. म्हणजे तार तुटली की F = 1, आणि आपण केलेली सगळी उलटापालट वाया. इनपुटपासून ग्राउंडला पुल-डाउन रेझिस्टर लावला तरच तुटलेली तार 0 दिसते. ब्रेडबोर्डवर तपासताना इनपुट 0 व्होल्टला जोडून बघू नका, तार उपटून बघा.

M च्या तारेला मात्र असा उपाय नाही. ती तुटली की M = 0, आणि सूत्र अख्खा भोंगा बंद करतं. ती उलटी धरली तर तार तुटल्यावर मोटर बंद असतानाही कोरड्या विहिरीवर भोंगा चालू, म्हणजे पुन्हा तोच मे महिना. मी ती तशीच ठेवली आहे. पंधरा दिवसांतून एकदा मोटर चालू असताना टाकीवर चढून फ्लोट हाताने वर उचलतो. तोवर गप्प असलेला भोंगा उचलताच वाजला तर F ची तार, M ची तार आणि भोंगा तिन्ही शाबूत आहेत.