सोमवार ते शनिवार दुखणारं पोट

प्रश्न: माझा मुलगा दुसरीत आहे. दोन महिने झाले, शाळेची रिक्षा यायच्या वेळेलाच पोट दुखतं म्हणून रडतो आणि अकरा वाजेपर्यंत खेळायला लागतो. जंताची गोळी झाली, अँटिबायोटिक दोनदा झालं. सोनोग्राफीत गाठी आहेत म्हणाले. इन्फेक्शन आहे, बद्धकोष्ठ आहे की नाटक?

उत्तर:

मी कोल्हापुरात लहान मुलांचा डॉक्टर आहे. असं पोट घेऊन आलेली मुलं मला जून-जुलैत, शाळा सुरू झाल्या की, आठवड्याला दोन-चार तरी भेटतात. त्यातलं नाटक करणारं मूल फार क्वचित सापडतं. तुमच्या मुलाचं पोट खरंच दुखतंय, हे आधी धरून चला.

इन्फेक्शनचं लवकर उरकतो. जुलाब-उलटीचं इन्फेक्शन ठरावीक दिवशी सुरू होतं, ताप किंवा पातळ संडास दाखवतं आणि बहुतेक वेळा आठवड्याच्या आत आवरतं. रविवारी ते सुट्टी घेत नाही. दोन महिने रोज सकाळी येऊन अकराला निघून जाणं ही त्याची चाल नाही. अपवाद लघवीच्या इन्फेक्शनचा. लहान मुलात ते कधी कधी नुसतं पोटदुखी म्हणूनच येतं, म्हणून लघवीची एक तपासणी मी करतोच. घरी कच्चं, न उकळलेलं दूध दिलं जातं का हेही विचारतो, कारण आपल्याकडे कट्ट्यावरच्या धारोष्ण दुधाची आवड मोठी आणि त्यातून जंतू पोटात जाऊ शकतात.

गाठींनी घाबरू नका. आतड्याच्या पडद्यातल्या या लसिकाग्रंथी निरोगी मुलांच्या सोनोग्राफीतही दिसतात. रुंदीत 8 मिलिमीटरच्या आतल्या असतील, ताप नसेल, वजन वाढत असेल, तर त्यांच्यासाठी औषध लागत नाही. नुसत्या त्या शब्दावर टीबीचं औषध सुरू करू देऊ नका.

खरी गफलत होते ती बद्धकोष्ठ आणि ज्याला आम्ही फंक्शनल पोटदुखी म्हणतो त्या दोघांत. फंक्शनल म्हणजे आतड्याला सूज नाही, जखम नाही, पण त्याच्या नसा हळव्या झाल्यात. अन्न किंवा वारा पुढे सरकताना जे एरवी जाणवतही नाही, ते अशा मुलाला दुखतं. धास्ती वाटली की ते वाढतं. परीक्षेच्या आधी आपल्यालाही संडासला लागते, ती याच वाटेनं. त्यामुळे ‘शाळेच्या वेळी दुखतं, म्हणजे मनाचंच आहे’ असं सगळे म्हणून मोकळे होतात. पण बद्धकोष्ठही नेमकं सकाळीच दुखतं! मूल उठून दूध पितं, पोटात काही गेलं की मोठं आतडं आकसतं, आणि पुढे कडक मळ अडकलेला असेल तर कळ येते. तेवढ्यात रिक्षा हॉर्न देते. मूल आवरून धरतं, निघतं, तासाभरात कळ ओसरते. म्हणून वेळेवरून निवाडा करता येत नाही.

गेल्या वर्षीची एक मुलगी सांगतो. तिसरीतली, वजन 22 किलो. बेंबीभोवती दुखायचं, रोज सकाळी. आजीचं म्हणणं, “पोरीची बेंबी सरकलीया.” ओवा, हिंग, पोट चोळणं सगळं झालेलं. आई ठामपणे म्हणाली, “संडासला रोज जाते.” मी वही दिली आणि दोन आठवडे रोज चार गोष्टी लिहायला सांगितल्या: दुखलं कधी, बोटानं दाखवलं कुठे, संडासला झालं का आणि कसं, आणि तो दिवस शाळेचा की सुट्टीचा. वही परत आली तेव्हा कळलं की रोज जायची, पण व्हायचं लेंडीएवढं. चौथ्या-पाचव्या दिवशी एकदम एवढं मोठं, की पाणी तुंबायचं. चड्डीला डाग पडायचे, त्यावरून ती बोलणी खायची. ते डाग आळसाचे नव्हते. गुदाशय मळानं ताणला की लागल्याची जाणीवच बोथट होते आणि अडकलेल्या गोळ्याच्या कडेनं पातळ मळ पाझरतो. पोट दाबलं तर डावीकडे खाली तो गोळा हाताला लागत होता.

तिला पॉलिएथिलीन ग्लायकॉलची पावडर दिली. पहिले सहा दिवस रोज 30 ग्रॅम पाण्यात मिसळून, दिवसभरात थोडी थोडी, म्हणजे साठलेलं निघून जाईल. मग रोज 9 ग्रॅम, आणि तेही तीन महिने. इथेच घरचे चुकतात. आठ दिवसांत साफ झालं की पावडर बंद करतात, ताणलेला गुदाशय आकसलेला नसतो, महिन्यात पुन्हा तेच. (हे प्रमाण तिच्या वजनाचं आहे. तुमच्या मुलाचं डॉक्टरांनी ठरवावं.) सोबत जेवणानंतर दहा मिनिटं बसायचं, कमोड असेल तर पाय स्टुलावर टेकवून. दिवसाचं दूध चार कपांवरून दोनवर आणलं, कारण दुधानं पोट भरून ती भाकरी-भाजीला हातच लावत नव्हती.

तीन आठवड्यांत वहीतलं दुखणं निम्म्याहून कमी झालं. पण संपलं नाही. संडास मऊ, रोज व्यवस्थित, तरी सोमवार आणि गुरुवार दुखायचं. रविवार कोरा. साफ झाल्यावरही जे उरलं, ते फंक्शनल. आईनं झोपताना, दिवा घालवल्यावर विचारलं तेव्हा ती बोलली. त्या दोन दिवशी पहिला तास खेळाचा, आणि शाळेतल्या बाथरूमच्या दाराला कडी नव्हती. एकदा मुलींनी दार ढकललं होतं. तेव्हापासून ती शाळेत संडासला जातच नव्हती आणि दिवसभर आवरून धरत होती. बद्धकोष्ठाची सुरुवातही बहुतेक तिथूनच झाली.

वर्गशिक्षिकांशी बोलून कडी बसली. उरलेल्या दुखण्यासाठी औषध दिलं नाही. तिला सांगितलं, “तुझं पोट दुखतं हे खरं आहे, पण आत काही बिघडलेलं नाही, आणि दुखत असतानाही शाळेत गेलीस तर काही होणार नाही.” सकाळी ‘दुखतंय का?’ विचारणं घरच्यांनी बंद केलं. दुखलं तर पाच मिनिटं पोटावर हात ठेवून सावकाश श्वास, मग दप्तर. घरी राहिलीच तर टीव्ही-मोबाइल नाही. दिवाळीपर्यंत वहीत लिहायला काही राहिलं नाही.

तुम्हीही आजपासून दोन आठवडे अशीच वही ठेवा. सोनोग्राफीच्या कागदासोबत ती डॉक्टरांपुढे ठेवा, आणि वजन-उंचीची नोंद मागच्या वर्षीशी ताडून घ्या. पण झोपेतून दुखण्यानं उठत असेल, वजन घटत असेल, संडासात रक्त, वारंवार ताप किंवा गिळताना त्रास असेल, तर वहीची वाट पाहू नका. दुखणं बेंबीवरून उजवीकडे खाली सरकून तिथेच राहिलं, मूल एका पायावर उडी मारायला तयार नसेल, उलटी हिरवी झाली, तर त्याच दिवशी दवाखाना. मुलगा आहे म्हणून आणखी एक: एकाएकी जोरात दुखलं तर चड्डी काढून अंडकोषाच्या पिशवीकडे बघा. पोटदुखी म्हणूनच सांगतात, आणि तिथला पीळ काही तासांत सोडवावा लागतो.