नोकरी कधी सोडायची, हे शिल्लक सांगत नाही. ग्राहकांची गळती सांगते

प्रश्न: रिमोट नोकरी सांभाळून मी लहान गावी परतलोय. खर्च निम्मा झालाय. त्यातून उरलेल्या पैशांवर स्वतःचं छोटं सॉफ्टवेअर वर्गणीवर विकायचा विचार आहे. नोकरी कधी सोडावी?

उत्तर:

‘काटकसर करून कोणी मोठं झालं नाही, खर्च कमी करण्यापेक्षा उत्पन्न वाढवा’ असं ठासून सांगणारे तुम्हाला भेटले असतील किंवा लवकरच भेटतील. त्यांच्याशी माझा फार जुना वाद आहे. म्हणून आधी तो निकालात काढतो आणि मग तुमच्याकडे वळतो.

कर कापून हातात येणारा पगार १०० धरा. शहरातला महिन्याचा खर्च ७०, म्हणजे उरतात ३०. एक महिना नोकरी केली की बिनपगारी जगण्याचा किती वेळ जमा होतो? ३० भागिले ७०, म्हणजे जेमतेम तेरा दिवस. आता खर्च ३५ करा. उरतात ६५ आणि ६५ भागिले ३५ म्हणजे पावणेदोन महिन्यांहून थोडं जास्त. खर्च निम्मा झाला, पण जमा होणारा वेळ चौपटीहून अधिक वाढला. याचं कारण असं की खर्च या भागाकारात दोन ठिकाणी बसलेला आहे. तो घटला की वरची शिल्लक वाढते आणि खालचा, पुढच्या प्रत्येक महिन्याला लागणारा पैसा कमी होतो. पगारवाढ फक्त वरच्या आकड्याला हात लावते. शहरात राहून हाच वेळ जमवायचा तर पगार १०० वरून २०० वर न्यावा लागेल. पगार दुप्पट करून घेणं सोपं आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी खुशाल तसं करावं.

मात्र ३५ हा आकडा टिकत नाही. दुसरी इंटरनेट लाईन, वीज गेल्यावर चालणारी बॅटरी, बिघडलेला लॅपटॉप दुरुस्तीला लांब पाठवणं, बैठकांसाठीचा प्रवास हे सगळं धरलं की तो ४२ च्या आसपास जातो. काही कंपन्या राहण्याच्या ठिकाणानुसार पगारही कमी करतात. तो ८० झाला असं धरा. उरतात ३८ आणि ३८ भागिले ४२ म्हणजे महिन्याला सत्तावीस दिवस. शहरापेक्षा हे अजूनही दुप्पट आहे, पण पहिल्या हिशोबाच्या निम्मं. म्हणून पुढचं काहीही ठरवण्याआधी नव्या पत्त्यावरचा पगार कंपनीकडून लेखी घ्या. पत्ता लपवू नका. कराचे काही नियम राहण्याच्या जागेवर ठरतात आणि लपवलेली गोष्ट नेमकी नोकरी सोडताना बाहेर येते.

आता ग्राहकांकडे. प्रत्येक ग्राहकाकडून महिन्याला, सर्व्हर आणि बिलिंगचा खर्च वजा जाता, पगाराच्या १०० च्याच मापात अर्धं एकक हातात येतं असं समजा. खर्च ४२ असेल तर ८४ ग्राहक लागतात. महिन्याला ६ नवे येतात आणि असलेल्यांपैकी ५ टक्के सोडून जातात. बहुतेक लोक ८४ ला ६ ने भागतात आणि चौदा महिन्यांत काम होईल असं समजतात. इथेच फसगत होते. ग्राहक वाढतात तशी गळतीची संख्याही वाढते आणि एका टप्प्यावर येणारे आणि जाणारे सारखे होतात. तो टप्पा म्हणजे नवे ग्राहक भागिले गळती. इथे ६ भागिले ०.०५, म्हणजे १२०. तुम्ही कितीही वर्षं थांबलात तरी याच वेगाने १२० च्या वर जाता येत नाही.

कागदावर सूत्रं मांडायची गरज नाही. स्प्रेडशीटमध्ये हे लिहा आणि A2 व B1 खाली ओढा:

```
A1: 6
A2: =A1*0.95+6
B1: =42-A1*0.5
```

पहिल्या रकान्यात ग्राहक, दुसऱ्यात त्या महिन्याची तूट. ८४ ग्राहक चोविसाव्या महिन्यात होतात. तोवरच्या तुटीची बेरीज सुमारे ३७५ येते, म्हणजे साधारण नऊ महिन्यांचा खर्च. दोन वर्षं लागणार म्हणून दोन वर्षांचा खर्च साठवायला हवा असं नाही, कारण मधल्या काळात ग्राहकांचे पैसे येत राहतात. शिवाय आजारपण किंवा मशीन बदलणं यासाठी सहा महिन्यांचा खर्च वेगळा ठेवा, तो २५२. एकूण झाले ६२७. महिन्याला ५८ उरत असतील तर अकरा महिन्यांत हे जमतात. पगार कापला गेला आणि ३८ च उरत असतील तर सतरा महिने लागतात.

आता याच शीटमध्ये ४२ च्या जागी शहराचे ७० टाका. लागणारे ग्राहक १४०, आणि कमाल मर्यादा १२०. तूट कधीच शून्य होत नाही. अगदी शेवटपर्यंत महिन्याला १० कमीच पडतात. तेच सॉफ्टवेअर, तेच ग्राहक, तीच मेहनत, पण एका ठिकाणी धंदा उभा राहतो आणि दुसऱ्या ठिकाणी कितीही शिल्लक ओतली तरी राहत नाही. गावी परतण्याचा खरा फायदा हा आहे. पैसे जास्त महिने पुरतात हे ठीकच, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे गाठायची रेषा त्या मर्यादेच्या खाली येते. ‘उत्पन्न वाढवा’ म्हणणाऱ्यांना मी हेच दाखवत आलोय आणि अजून कोणी उलट आकडे दाखवलेले नाहीत.

गळती मात्र गाव आहे म्हणून सूट देत नाही. ५ च्या जागी ८ टक्के टाका: मर्यादा ७५ वर येते आणि तुमचे ८४ गावातही कधी होत नाहीत. म्हणून गळती मोजणं हे सगळ्यात महत्त्वाचं काम आहे आणि तीच चुकीची मोजली जाते. एका महिन्यात आलेल्या ग्राहकांचा गट धरा आणि त्यातले दुसऱ्या, तिसऱ्या, सहाव्या महिन्यात किती उरले ते लिहा. सगळ्यांची एकत्र सरासरी काढली तर नुकतेच आलेले आणि अजून जायची वेळ न झालेले ग्राहक आकडा गोड करून दाखवतात. पहिल्या दोन-तीन महिन्यांत गळती जास्त असते आणि पुढे ती कमी होते, म्हणून जुन्यांचा आकडा वेगळा ठेवा. ओळखीतून आलेले ग्राहक मोजणीतून काढून टाका. ते तुमच्यासाठी आलेले असतात. वार्षिक वर्गणीवाल्यांची गळती तेराव्या महिन्यापर्यंत दिसतच नाही, आणि त्यांचे आलेले पैसे बारा महिन्यांवर पसरूनच हिशोबात धरायचे.

गळतीतला एक भाग असा असतो की ग्राहकाला जायचं नसतं, फक्त कार्डाची मुदत संपलेली असते किंवा त्या दिवशी खात्यात पैसे नसतात. पैसे कापले गेले नाहीत म्हणून लगेच खातं बंद करू नका. काही दिवसांच्या अंतराने तीन-चार वेळा पुन्हा प्रयत्न होऊ द्या, दर वेळी साधा मेल जाऊ द्या, कार्ड बदलायचा दुवा लॉगिनशिवाय उघडू द्या. दोन-तीन दिवसांचं हे काम तुमची मर्यादा कायमची वर नेतं. नवीन फीचर लिहिण्यापेक्षा हे आधी करा.

आता तुमचा प्रश्न. मर्यादा गरजेच्या निदान सव्वापट असेल आणि तुटीसाठीचे पैसे, वर सहा महिन्यांची गंगाजळी, दोन्ही जमले असतील तर सोडा. सव्वापट का? मर्यादा गरजेपेक्षा फक्त दहा टक्के वर असेल तर याच गळतीने तिथे पोहोचायला जवळजवळ चार वर्षं लागतात. सव्वापट असेल तर अडीच वर्षांच्या थोडं पुढे. पूर्ण वेळ दिला की नवे ग्राहक आपोआप वाढतील, हे गृहीत धरून नोकरी सोडू नका. नोकरीत असताना मोजलेलाच आकडा वापरा.

नोकरी चालू असताना हे करायचं तर करार आधी वाचा. त्यात तीन कलमं शोधायची: तुम्ही लिहिलेलं कोणाच्या मालकीचं, बाहेरचं काम करायला परवानगी लागते का, आणि सोडल्यावर स्पर्धेवर बंदी आहे का. परवानगी लागत असेल तर सॉफ्टवेअरचं दोन ओळींचं वर्णन देऊन ती लेखी घ्या. तोंडी ‘चालेल’ याला किंमत नाही. मशीन स्वतःचं, खाती स्वतःची, वेळ कामाबाहेरची. एका रेपोत काय नोंदलं गेलंय ते असं दिसतं:

```
git log --format='%ae %ad'
```

यात ऑफिसचा मेल किंवा कामाच्या वेळा दिसल्या तर तो कोड तुमचा असल्याचं सिद्ध करणं जड जातं. नव्या रेपोत पहिल्या कमिटआधीच `git config user.email` स्वतःच्या पत्त्याला लावून घ्या.

आणि दुसरी इंटरनेट लाईन घेताना फक्त कंपनी वेगळी बघू नका. लहान गावात दोन्ही कंपन्यांच्या तारा बऱ्याचदा एकाच खांबावरून येतात आणि एकत्रच तुटतात. एक तारेची आणि एक मोबाईलची घ्या, आणि पहिली स्वतः बंद करून कॉल टिकतो का ते बघा.

काही गोष्टी वरच्या हिशोबात नाहीत. घरात दुसऱ्या कोणाचा पगार किंवा कर्जाचा हप्ता असेल तर ४२ हा आकडा बदलेल. सॉफ्टवेअर विकायला प्रत्येक ग्राहकाला समोर बसून भेटावं लागत असेल तर प्रवास खर्चात नाही, प्रत्येक ग्राहकाच्या किमतीत धरा. मग अर्धं एकक उरणार नाही. आणि गावातल्याच लोकांना विकायचा विचार असेल तर किंमतही गावाच्या खर्चासारखीच खाली येते. खर्च गावचा आणि ग्राहक लांबचा, हे दोन्ही एकत्र असतील तरच वरची शीट तुमच्या कामाची.