एक्झिट पोल: ±१ टक्क्यासाठी किती मतदार?

प्रश्न: एक्झिट पोलमध्ये चूक ±१ टक्क्यावर आणायची तर किती मतदारांना विचारावं लागेल?

साधारण ९,६०४, पण केंद्रांबाहेर उभं राहून विचारणार असाल तर जवळपास तिप्पट. पहिला आकडा ९५ टक्के खात्रीचा, लढत निम्मीनिम्मी धरून:

```
n = 1.96² × 0.5 × 0.5 / 0.01² = 9604
```

±३ टक्के चालत असेल तर १,०६७ पुरतात. चूक तिसऱ्या हिश्श्यावर आणायला नमुना नऊपट लागतो. तिप्पट अशासाठी की एकाच वस्तीतले लोक बरेचदा सारखं मत देतात, त्यामुळे एका केंद्रावरची ४० उत्तरं ४० स्वतंत्र माणसांइतकी माहिती देत नाहीत. हे साम्य ० ते १ च्या मापावर ०.०५ धरलं तर १ + ३९ × ०.०५ = २.९५ पट, म्हणजे सुमारे २८,३०० मतदार आणि ७०८ केंद्रं. केंद्रं वाढवा, प्रत्येक केंद्रावरची माणसं नव्हे. मात्र उत्तर द्यायला नकार देणारे एकाच बाजूचे असतील तर कितीही मोठा नमुना ती चूक काढत नाही: अमेरिकेत २००४ च्या अध्यक्षीय निवडणुकीत केरींचे मतदार जास्त बोलले, पोलमध्ये केरी पुढे दिसले आणि जिंकले बुश.