दुरुस्तीत आधी आकडा, मग दिलगिरी

प्रश्न: आमच्या छोट्या दैनिकात पहिल्या पानावर ‘कोयना 85 टक्के भरले’ अशी बातमी गेली. प्रत्यक्षात 85 टीएमसी होते. उद्यासाठी हा मजकूर केलाय: ‘कोयना धरणाबाबतच्या वृत्तातील आकडेवारी तांत्रिक कारणामुळे अनवधानाने चुकीची प्रसिद्ध झाली. प्राप्त माहितीत संदिग्धता होती. वाचकांनी नोंद घ्यावी. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.’ वाचताना सारवासारव वाटते. काय बदलू?

उत्तर:

सारवासारव वाटते, कारण या चार वाक्यांत चुकीचा आकडाही नाही आणि बरोबर आकडाही नाही. वाचकाने नोंद घ्यायची ती कशाची? मी बरीच वर्षे डेस्कवर काढली आणि रात्री साडेअकराला असलाच मजकूर कितीदा तरी पानात सोडला, म्हणून हे जरा हक्काने सांगतो.

लिहायला बसण्याआधी बरोबर आकडा पक्का करा. दुरुस्तीचीच दुरुस्ती छापायची वेळ आली तर वाचक हसतात, आणि बरोबरच आहे त्यांचे. कोयनेची एकूण क्षमता 105.25 टीएमसी. 85 भागिले 105.25, म्हणजे जवळपास 81 टक्के. पण इथे एक खोच आहे. धरणाच्या तळाचा सुमारे 5 टीएमसी साठा मृत धरला जातो. तो दोन्हीकडून वजा करून उपयुक्त साठ्याची टक्केवारी काढली तर ती 80 च्या आसपास येते. दोन्ही आकडे खरेच आहेत, म्हणून तुम्ही कोणता देताय ते मजकुरात दिसले पाहिजे. जलसंपदा विभागाचा त्या दिवसाचा तक्ता पुन्हा काढा, 85 हा आकडा कोणत्या रकान्यातला आणि किती वाजताचा आहे ते बघा, आणि मगच पुढे जा. नदीकाठचा माणूस या आकड्यावरून पुढच्या विसर्गाचा अंदाज बांधतो. चार टक्क्यांनी काय होते, असे तिथे म्हणता येत नाही.

मी असे लिहिले असते:

> दुरुस्ती
> कोयना धरण 85 टक्के भरल्याचे आम्ही मंगळवारच्या (तारीख) अंकात पहिल्या पानावरील बातमीत आणि शीर्षकात छापले. ते चुकीचे आहे. सोमवारी सकाळी आठ वाजता धरणात 85 टीएमसी पाणी होते. धरणाच्या 105.25 टीएमसी या एकूण क्षमतेच्या तुलनेत हा साठा सुमारे 81 टक्के होतो. टीएमसीचा आकडा आम्ही टक्के म्हणून छापला. या चुकीबद्दल आम्ही दिलगीर आहोत.

वार आणि वेळ अर्थात तुमच्या तक्त्याप्रमाणे बदला.

‘प्रसिद्ध झाली’चे ‘आम्ही छापले’ केले, कारण बातमी आपोआप छापून येत नाही. ‘तांत्रिक कारण’ काढले. छपाईयंत्र बिघडले तर ते तांत्रिक कारण. तक्त्यात शेजारचा रकाना वाचला तर तो आपला डोळा चुकला. पूर्वी सगळे मुद्राराक्षसाच्या माथी मारायची सोय होती, आता तोही उरला नाही. ‘संदिग्धता’ तर अजिबात नको. तक्त्यात टीएमसी आणि टक्के असे वेगळे रकाने असताना संदिग्धता म्हटले, तर दुसऱ्या दिवशी विभागाचे पत्र येईल आणि तेही छापावे लागेल. विभागानेच चुकीचा आकडा दिला असता आणि तसे मान्य केले असते, तर ती गोष्ट एका वाक्यात सांगायला हरकत नव्हती. आणि ‘गैरसोय’ नळाला पाणी न आल्यावर होते. इथे चूक झाली आहे, तोच शब्द वापरा.

वर ‘खुलासा’ असे शीर्षक देऊ नका. बातमीतल्या माणसाने किंवा खात्याने आपली बाजू मांडली की तो खुलासा. हे आपले आहे, म्हणून ‘दुरुस्ती’.

चूक पुन्हा छापली की अब्रू जाते, असे संपादक म्हणतील. या बातमीत मी चुकीचा आकडा नक्की छापेन, नाहीतर वाचकाला डोक्यातले काय पुसायचे तेच कळणार नाही. उलट साक्षीदाराला आरोपी म्हटले असेल, तर तो आरोप पुन्हा शब्दशः छापणे म्हणजे त्या माणसाला दुसऱ्यांदा तडाखा. तिथे ‘ते या प्रकरणात साक्षीदार आहेत, त्यांच्यावर कोणताही आरोप नाही’ एवढेच लिहावे आणि मजकूर वकिलाच्या नजरेखालून घालावा.

जागेबद्दल भांडावे लागेल. चूक पान एकवरच्या शीर्षकात आहे, आणि दुरुस्ती आतल्या पानावर निविदांच्या खाली टाकायची सवय सगळीकडे आहे. भारतीय प्रेस परिषदेचे निकष सांगतात की चूक लक्षात आल्यावर वृत्तपत्राने स्वतःहून, तातडीने आणि योग्य ठळकपणे दुरुस्ती द्यावी. संपादकांना तेच दाखवा. पान एकवर तळाला दोन स्तंभ मिळाले तरी चालेल.

वेबसाइटवर नुसता आकडा बदलून गप्प बसू नका. बातमी सुधारा आणि तिच्याखाली काय बदलले ते तारखेसह एका ओळीत लिहा. जुन्या शीर्षकाचे फोटो एव्हाना गावच्या व्हॉट्सॲप गटांत फिरत असतील, तिथे पाठवायलाही तीच ओळ कामी येईल.